उर्दूतले न लिहिलेले स्वर: जेर, जबर आणि पेश

"मैं घर में हूं" हे वाक्य उर्दू लिपीत लिहिलं, तर त्यातला पहिला आणि तिसरा शब्द हुबेहूब सारखे दिसतात. दोन्ही शब्द मीम, ये आणि नूनगुन्ना या तीन अक्षरांचे, त्याच क्रमाने. "उस ने क्या किया" या वाक्यात तर एकसारखे दिसणारे शब्द शेजारीशेजारी येतात, कारण "क्या" आणि "किया" दोन्ही काफ, ये, अलिफ असेच लिहितात. सरावलेला वाचक इथे अडखळतही नाही. उर्दू लिपी नव्याने शिकणारा मराठी माणूस मात्र अडखळतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे, अडखळत नाही आणि चुकीचं वाचून पुढे जातो.

उर्दूत लांब स्वरांसाठी अक्षरं आहेत. आ साठी अलिफ, ऊ-ओ-औ या कुटुंबासाठी वाव आणि ई-ए-ऐ या कुटुंबासाठी ये. अ, इ, उ या तीन ऱ्हस्व स्वरांना मात्र स्वतंत्र अक्षर नाही, फक्त खुणा आहेत. अक्षराच्या डोक्यावर छोटी तिरकी रेघ दिली की ते जबर, त्याचा उच्चार अ. तशीच रेघ अक्षराच्या खाली दिली की जेर, उच्चार इ. डोक्यावर इवलासा वळलेला वाव काढला की पेश, उच्चार उ. फारसीत या नावांचे अर्थ वर, खाली आणि पुढे असे होतात. लक्षात ठेवायला मराठी माणसाला वेगळं काही करावं लागत नाही: जबरदस्त तो वरचढ, जेरीस आलेला तो खाली दबलेला आणि पेशवा तो सगळ्यांच्या पुढे. याखेरीज अक्षरावर स्वरच नाही हे सांगणारी जज्म आणि अक्षराचं द्वित्व दाखवणारी तश्दीद या आणखी दोन खुणा आहेत. "पता" आणि "पत्ता" (झाडाचं पान) यांत फरक आहे तो फक्त त्या तश्दीदचा.

एक गल्लत इथेच टाळलेली बरी. बे, ते, से या अक्षरांना असलेले ठिपके ही खूण नव्हे. ते अक्षराचं अंगच आहेत आणि ते कधीही गाळता येत नाहीत. खुणा मात्र बालवाडीच्या आणि पहिली-दुसरीच्या पुस्तकांत भरपूर असतात, पुढे विरळ होत जातात, आणि वर्तमानपत्रात, कादंबरीत, दुकानाच्या पाटीवर जवळजवळ नाहीशा होतात. म्हणून शिकणाऱ्याचा समज होतो की त्या लहान मुलांसाठी असाव्यात. मोठ्यांच्या मजकुरात पुढे दिसणारच नसतील तर आत्ता त्यांच्यावर वेळ कशाला घालवायचा, असा हिशेब तो करतो आणि सगळं गणित तिथेच बिघडतं.

खुणा गाळायची पद्धत अरबीतून आली. अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूवर उभा असतो आणि स्वर बदलून त्याची रूपं होतात. काफ, ते, बे या एकाच सांगाड्याचं "कतब" म्हणजे त्याने लिहिलं, "कुतिब" म्हणजे लिहिलं गेलं आणि "कुतुब" म्हणजे पुस्तकं (शेवटचे स्वर इथे सोडून दिले आहेत). वाक्यातली जागा पाहून अरबी वाचक रूप ओळखतो. जिथे चूक चालणारच नाही तिथे अरबीतही खुणा देतात, म्हणून कुराणाच्या प्रतीत त्या प्रत्येक अक्षराला असतात. आठव्या शतकात बसऱ्याच्या खलील इब्न अहमद या व्याकरणकाराने या खुणांना आजचं रूप दिलं असं मानतात. त्याने त्या अक्षरांवरूनच घडवल्या. पेश छोट्या वावसारखा दिसतो तो त्यामुळेच.

उर्दूचं व्याकरण मात्र हिंदीचंच भावंड. तिच्या रोजच्या शब्दांना त्रिव्यंजनी धातू नाही. दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा तिने अंगात घातला आणि तो जिथे ओढला जातो तिथेच नेमके आपण चुकतो.

आता मराठी वाचकाची खास अडचण. देवनागरीत अक्षराला मात्रा, वेलांटी, उकार काहीच नसेल तर तो "अ" असतो, हे आपल्या डोळ्यांत इतकं भिनलंय की ते आपण शिकलो होतो हेही आठवत नाही. देवनागरीतल्या कोऱ्या अक्षराला ठरलेला स्वर आहे. उर्दूतलं कोरं अक्षर स्वराबद्दल काहीच सांगत नाही. तिथे अ असेल, इ असेल, उ असेल किंवा कोणताच स्वर नसेल. आपण तिथे सवयीने अ भरतो. मग "दिल" हा दाल-लाम असा शब्द "दल" होतो, "पुल" हा "पल" होतो, शेपटीची "दुम" ही श्वासाचा "दम" होते आणि मिठाईच्या दुकानाच्या पाटीवर "गलाब" जामुन विकायला येतात. "कुतुबखाना" म्हणजे ग्रंथालय, त्या पाटीसमोर उभं राहून आपण "कतबखाना" असं काहीतरी पुटपुटतो. उलट, ज्या शब्दांत खरोखरच अ आहे ते आपोआप बरोबर येतात. "घर", "कलम", "दम बिर्याणी" वाचताना काही त्रास होत नाही, आणि आपल्याला वाटतं, जमतंय की!

एक पूर्ण वाक्य घेऊन पाहू. औरंगाबादच्या नहर-ए-अंबरी या जुन्या पाणीयोजनेबद्दल कुणीतरी उर्दूत असं लिहिलंय असं समजा: "मलिक अंबर ने इस मुल्क में नहर बनवाई." कागदावर, खुणांशिवाय, अक्षरं अशी येतात. मीम-लाम-काफ. ऐन-नून-बे-रे. नून-ये. अलिफ-सीन. पुन्हा मीम-लाम-काफ. मीम-ये-नूनगुन्ना. नून-हे-रे. आणि शेवटी बनवाई: बे-नून-वाव-अलिफ, मग हमजा आणि ये.

अ-च्या सवयीने वाचणारा म्हणेल: "मलक अंबर ने अस मलक में नहर बनवाई." यात वेगवेगळ्या जातीच्या चुका आहेत आणि त्या वेगवेगळ्या तऱ्हेने सापडतात किंवा निसटतात.

सगळ्यात सोपी चूक "अस" ही. असा शब्द उर्दूत नाही, म्हणून तो कानाला लगेच टोचतो. वाचक मागे येतो आणि इ किंवा उ घालून पाहतो.

"मलक" ही त्याहून फसवी, कारण तो शब्द आहे. मलक म्हणजे फरिश्ता, देवदूत. मीम-लाम-काफ या तीन अक्षरांत उर्दूचे निदान चार शब्द दडलेले आहेत: मीमवर जबर आणि लामाखाली जेर दिली तर "मलिक", म्हणजे राजा, सरदार. दोन्हीवर जबर दिली तर "मलक". मीमवर पेश आणि लामावर जज्म दिली तर "मुल्क", म्हणजे देश. मीमखाली जेर आणि लामावर जज्म दिली तर "मिल्क", म्हणजे मालकीची वस्तू. मराठीने यातले तीन केव्हाच घरात घेतले आहेत. मलिक आपल्या इतिहासात आहे, मुल्कचा मुलूख झाला, मिल्कवरून आलेल्या मिल्कियतची मिळकत झाली. ही नावं अशी ओळखीची असल्यामुळे आपल्या वाक्यातला पहिला मलिक अंबरच्या शेजारी आहे म्हणून सुटतो. दुसरा "में" च्या आधी आहे आणि त्याच्यामागे "इस" आहे, म्हणजे ते ठिकाण असणार, म्हणून मुल्क. हे काम सरावलेला वाचक क्षणात करतो, पण ते तो अक्षरांवरून करत नाही. "मुल्क" हा शब्द त्याला आधीपासून येतो म्हणून करतो. ज्याला मुल्क माहीत नाही त्याने कितीही टक लावून पाहिलं तरी त्या तीन अक्षरांतून पेश उगवत नाही.

"बनवाई" मध्ये आणखी एक गंमत आहे. बे वर पेश मानला तर तोच शब्द "बुनवाई" होतो, विणून घेतली. शालीबद्दल वाक्य असतं तर तेच बरोबर ठरलं असतं. नहर कुणी विणून घेत नाही, एवढ्यावरच आपण बनवाई ठरवतो.

आणि मग उरतो "इस". इथे संदर्भ हात टेकतो. मलिक अंबरने "इस मुल्क में" नहर बांधली की "उस मुल्क में", दोन्ही वाक्यं व्याकरणाने शुद्ध आणि अर्थाने पुरी आहेत. अलिफ-सीन या दोन अक्षरांत "हा" आणि "तो" दोन्ही राहतात. चुकीचं वाचलं तरी वाचकाला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही. अलिफच्या खालची जेर किंवा वरची पेश दिसली तरच उलगडा होतो.

उर्दूत या जोडीचं कुटुंब मोठं आहे. "इन" आणि "उन" सारखेच दिसतात, "इतना" आणि "उतना" सारखेच, आणि "इधर-उधर" लिहिताना तर तोच शब्द दोनदा लिहिल्यासारखा दिसतो. जवळचं आणि लांबचं यांतला भेद भाषेला रोज लागतो, आणि तो लिपीत एका रेघेवर लटकलेला आहे. जुन्या उर्दू लेखनात यावर उपाय होता: "उस" लिहिताना अलिफनंतर वाव घालायचे, म्हणजे नजरेला फरक कळे. पुढे ती पद्धत गेली. आता काळजीपूर्वक छापणारे लोक बाकी सगळ्या खुणा गाळतात, पण अशा शब्दांत अलिफवर पेश किंवा खाली जेर देतात. त्यामुळे कोऱ्या पानावर मध्येच एखादी पेश दिसली तर ती शोभेला नाही, लेखकाला तिथे घोटाळा होण्याची भीती वाटली म्हणून आहे, असं समजावं. नवशिके नेमक्या याच खुणांवरून नजर फिरवून पुढे जातात, हे मला नेहमी विचित्र वाटतं. जिथे मदत दिली आहे तिथेच ती नाकारायची!

हिंदी चित्रपट आणि गझला ऐकून मोठे झालेल्या मराठी माणसाला वरचे बरेचसे शब्द कानाने माहीत असतात, त्यामुळे अंदाज खपून जातात. खरी परीक्षा अरबीतून आलेल्या, कमी ऐकलेल्या शब्दांत होते. तिथे एक रेघ वाक्याची दिशाच उलटवते. "मुंतजिर" म्हणजे वाट पाहणारा. "मुंतजर" म्हणजे ज्याची वाट पाहिली जाते तो. मीम, नून, ते, जोय, रे ही पाची अक्षरं दोन्हीकडे तीच. जोयखाली जेर असेल तर माणूस दाराशी उभा आहे, जोयवर जबर असेल तर तो अजून यायचा आहे. असेच "मुसन्निफ" म्हणजे लिहिणारा आणि "मुसन्नफ" म्हणजे लिहिलेलं, "मुरत्तिब" म्हणजे संपादन करणारा आणि "मुरत्तब" म्हणजे संपादित केलेलं. "मुखातिब" बोलतो, "मुखातब" ऐकतो.

यात एक सूत्र दिसतंच. मु ने सुरू होणाऱ्या या घडणीच्या शब्दांत शेवटच्या व्यंजनाआधी इ असेल तर तो करणारा, अ असेल तर ज्याच्यावर क्रिया झाली तो. आपली अ-ची सवय इथे फार महागात पडते, कारण ती प्रत्येक करणाऱ्याला केलेला करून टाकते. वाट पाहणाऱ्या प्रियकराबद्दलचा शेर आपण वाचतो आणि तो ज्याची वाट पाहिली जातेय त्याच्याबद्दल आहे असं समजून दाद देतो.

गझलेचा विषय निघालाच आहे तर वृत्ताची मदत किती होते तेही पाहू. वृत्त स्वरांचे लघु-गुरू मोजतं, म्हणून "मुल्क" आणि "मलक" वेगळे पडतात. मुल्क हा गुरू-लघु, म्हणजे मराठी गझलेच्या भाषेत गाल. मलक हा लघु-गुरू, म्हणजे लगा. ओळीत कुठला बसतो हे पाहून शब्द ठरवता येतो. "इल्म" (ज्ञान) आणि "अलम" (निशाण) हेही ऐन-लाम-मीम असेच लिहितात आणि वृत्तात असेच सुटतात. पण "मलिक" आणि "मलक" दोन्ही लगा. मुंतजिर आणि मुंतजरचंही वजन एकच. म्हणजे वृत्त फक्त स्वर आहे की नाही एवढंच सांगतं. तो अ आहे, इ आहे की उ, हे त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे.

जेरचं आणखी एक काम शब्दाच्या पोटात नसतं, दोन शब्दांच्या मध्ये असतं. "दर्द-ए-दिल" मधला "ए" देवनागरीत आपण ठळक लिहितो. उर्दूत तो दर्दच्या शेवटच्या दालखालची एक जेर असतो, आणि तीही पुष्कळदा लिहीत नाहीत. याला इजाफत म्हणतात. ती लक्षात आली नाही तर "हृदयाचं दुःख" याऐवजी "दुःख" आणि "हृदय" असे दोन सुटे शब्द समोर राहतात आणि वाक्य कुठेच जुळत नाही. दोन नामं शेजारी उभी आहेत आणि त्यांच्यात "का, के, की" नाही, असं दिसलं की तिथे जेर गाळली असावी असा संशय घ्यावा. ही इजाफत आपल्याला परकीही नाही. सातबाऱ्यावर आणि जुन्या कागदांत गावाच्या नावामागे येणारं "मौजे" हे फारसी "मौजा-ए" च आहे, आणि "कसबे", "किल्ले" यांतला एकारही तिथूनच आला.

खुणा पाहायचं ठरवलं तरी डोळ्यांना एक अडचण येते, ती आधीच सांगून ठेवतो. उर्दू नस्तालीक वळणात छापतात. त्यात शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे उतरत जातो. त्यामुळे वरच्या अक्षराची जेर खालच्या अक्षराच्या डोक्यावर आल्यासारखी दिसते आणि ती त्या अक्षराची जबर वाटते. त्यातच ठिपके गर्दी करतात. यावर उपाय असा की सुरुवातीला मोठ्या टाइपातली मुलांची पुस्तकं वाचावीत आणि शंका आली तर तोच शब्द नस्ख वळणात पाहावा. नस्खमध्ये अक्षरं एका सरळ ओळीवर बसतात, त्यामुळे खूण कोणाची ते लगेच कळतं.

शब्द वहीत उतरवतानाच तो खुणांसकट उतरवावा, म्हणजे मुल्क लिहिताना मीमवर पेश आणि लामावर जज्म द्यायचीच. शेजारी देवनागरीत उच्चार लिहिण्याचा मोह आवरावा. ऑनलाइन शब्दकोशांत आणि गझलांच्या संकेतस्थळांवर देवनागरीची सोय असते आणि तिचा उपयोग उच्चार तपासायला जरूर करावा. पण उच्चार देवनागरीतच पाहिला तर डोळा उर्दू अक्षरांकडे फक्त आकार म्हणून बघतो. स्वर मनात देवनागरीशी जोडला जातो, मीम-लाम-काफशी जोडला जात नाही.

आपण खरंच वाचतोय की अंदाज करतोय, हे तपासायची एक सोपी रीत आहे. खुणा असलेल्या धड्यातल्या पाच-सहा ओळी दुसऱ्या कुणाकडून, किंवा आपणच दोन-तीन दिवस आधी, खुणांशिवाय कोऱ्या लिहून ठेवाव्यात. त्या मोठ्याने वाचाव्यात, फोनवर आवाज नोंदवावा आणि मग धडा समोर ठेवून शब्दाशब्दाने ऐकावं. न अडखळता जे चुकीचं वाचलं गेलं तेच शब्द वेगळे काढायचे. अडखळलेले शब्द तसे निरुपद्रवी असतात, ते पुढच्या वेळी स्वतःच थांबवतात. बिनदिक्कत चुकलेल्या शब्दांची यादी केली तर तिच्यात इस-उस, इन-उन, मु ने सुरू होणारे अरबी शब्द आणि जिथे आपण गुपचूप अ भरला ते शब्द, असेच बहुतेक सापडतील. ते शब्द खुणांसकट पुन्हा लिहायचे, आणि आठवड्याने त्याच धड्याच्या दुसऱ्या ओळी घ्यायच्या.